शंभर इंचांचं चित्र आणि बेडरूमचं दार

आमचा हॉल 340 सेंटीमीटर लांब आणि 260 सेंटीमीटर रुंद आहे. आज हे आकडे मला झोपेतही सांगता येतील, पण जुना टीव्ही बंद पडला तेव्हा त्यातला एकही माहीत नव्हता. डोक्यात एकच होतं, आता प्रोजेक्टर घ्यायचा. घर लहान, मग भिंतीवर भलामोठा काळा चौकोन कशाला टांगायचा? लागेल तेव्हा प्रोजेक्टर काढू, शंभर इंचांचं चित्र पाडू, झालं की कपाटात ठेवून देऊ. हे ऐकायला इतकं सरळ होतं की बायकोनंही लगेच मान डोलावली. आई तेवढी म्हणाली, "दुपारी दिसेल का रे त्यावर?" मी म्हटलं, पडदे ओढू की.

नशिबानं एका मित्राकडे त्याच आकाराचा, मला घ्यायचा होता तसाच छोटा एलईडी प्रोजेक्टर होता. तो आठ दिवस बाहेरगावी चालला होता, जाताना आमच्याकडे ठेवून गेला. ते आठ दिवस मिळाले नसते तर आज प्रोजेक्टर आमच्या घरात असता, बहुधा कपाटात.

पहिली रात्र मात्र झकास गेली. दिवे मालवले, पडदे ओढले, प्रोजेक्टर सेंटर टेबलवर चार पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला आणि समोरची अख्खी भिंत उजळली. मुलगी सोफ्यावर उभीच राहिली. रंग थोडे फिके होते, कडा किंचित मऊ होत्या, पण त्या आकारापुढे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाराला झोपायला जाताना माझा निर्णय पक्का झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून एकेक गोष्ट लक्षात यायला लागली, आणि तीही गंमत म्हणजे चित्राच्या दर्जाबद्दलची नव्हती. पहिली अडचण जागेची निघाली, म्हणजे ज्या कारणासाठी प्रोजेक्टर घ्यायचा होता नेमकी तीच.

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो नावाचा एक आकडा असतो. लेन्सपासून भिंतीपर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, इतकाच त्याचा अर्थ. या प्रोजेक्टरचा होता 1.25. शंभर इंच हे चित्राच्या कर्णाचं माप, त्याची रुंदी भरते 221 सेंटीमीटर आणि उंची साधारण 125. म्हणजे शंभर इंचांसाठी लेन्स भिंतीपासून 221 गुणिले 1.25, म्हणजे 276 सेंटीमीटरवर हवी. मी टेप घेऊन मोजलं. आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि त्यावर बसलेल्या माणसाचे डोळे समोरच्या भिंतीपासून 280 सेंटीमीटरवर येतात. थोडक्यात, प्रोजेक्टर नेमका तिथे असायला हवा होता जिथे माझं डोकं होतं.

पहिल्या रात्री तो टेबलवर, आमच्या गुडघ्यांपुढे होता, त्यामुळे चित्र शंभर इंचांचं नव्हतंच, ऐंशीच्या आसपास होतं. कुणीही पाणी प्यायला उठलं की त्याची सावली पडद्याचा नायक व्हायची. मग तो डोक्यामागे न्यायचं ठरवलं. मागच्या भिंतीवर फळी ठोकली, प्रोजेक्टरचं धूड आणि मागच्या वायरी यांना पंचवीस सेंटीमीटर सोडले, तर लेन्स येते 315 सेंटीमीटरवर. तिथून चित्राची रुंदी होते 252 सेंटीमीटर, आणि भिंत आहे 260 ची. पंखा, स्विचबोर्ड, दाराची चौकट सगळ्यांवर चित्र. लहान करायचं तर या वर्गातल्या प्रोजेक्टरला भिंग पुढेमागे करून होणारा खरा झूम नसतो, असतो तो डिजिटल झूम. म्हणजे यंत्र आपल्या 1920 ठिपक्यांच्या ओळीतले कडेचे ठिपके काळे ठेवतं आणि मधल्या 1680 ठिपक्यांत चित्र बसवतं. वर फळी उंचावर असल्यामुळे चित्र पतंगासारखं तिरपं येतं, ते सरळ करायला कीस्टोन लावला की आणखी ठिपके जातात. सरळ केलेल्या चित्राभोवती एक फिकट करडी चौकट उरते तीही दिसत राहते, कारण न वापरलेल्या ठिपक्यांतूनही थोडा उजेड गळतोच.

राहता राहिलं छत. छतापासून टांगलेला प्रोजेक्टर हा सगळ्यांनी सुचवलेला उपाय होता. पण आमच्या छताच्या मधोमध पंखा आहे. छताची उंची 270, पंख्याची पाती 240 वर. लेन्स 255 वर धरली आणि चित्राची वरची कड 200 वर, तर सगळ्यात वरचा किरण भिंतीपासून दोन मीटरवर पात्यांच्या पातळीत येतो, आणि पाती तिथपर्यंत पोचतात. मी हे कागदावर रेघा मारून काढलं, मग विश्वास बसेना म्हणून स्टुलावर चढून प्रोजेक्टर हातात धरून बघितलं. पंखा चालू होता. चित्राचा वरचा भाग जुन्या मूकपटासारखा लुकलुकत होता. बायको म्हणाली, "उतर आता, पडशील."

आणि दार. बेडरूमचं दार बाजूच्या भिंतीत आहे, पण उघडलं की ते समोरच्या भिंतीला, म्हणजे आमच्या पडद्यालाच, चिकटतं. दाराची फळी 75 सेंटीमीटर रुंद. चित्र चालू असताना कुणी बेडरूममधून बाहेर आलं की डावीकडचा एक मोठा तुकडा तपकिरी दारावर पडायचा. दोन माणसं बोलत असली तर त्यातलं एक दारावर. दुसऱ्या दिवशी हसलो. चौथ्या दिवशी आई बाहेर येताना आधी "येऊ का?" असं विचारायला लागली, तेव्हा हसू आलं नाही.

तरीही मी अडून बसलो होतो. टेबलवरून ऐंशी इंच तरी मिळतातच की, असं माझं म्हणणं. तेव्हा आईचा पहिल्या दिवसाचा प्रश्न मी जरा गंभीरपणे घेतला.

खोक्यावर लिहिलं होतं 9000 ल्यूमेन. असे आकडे कुठून येतात देव जाणे. कधी दिव्याचाच उजेड सांगतात, कधी काहीच नाही. उपयोगाचा आकडा एकच, भिंतीवर प्रत्यक्ष किती उजेड पोचतो तो. त्याला अ‍ॅन्सी ल्यूमेन म्हणतात, आणि तो घरी बऱ्यापैकी मोजता येतो. पूर्ण पांढरं चित्र लावायचं, त्याचे मनातल्या मनात तीन बाय तीन असे नऊ चौकोन करायचे, प्रत्येकाच्या मध्याशी किती लक्स उजेड आहे ते बघायचं, नऊ आकड्यांची सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळानं गुणायचं. लक्स मोजायला फोनमधलं मीटर चालतं. त्याचा सेन्सर फोनच्या पुढच्या बाजूला, कॉलच्या स्पीकरपाशी असतो, म्हणून फोनची पाठ भिंतीला टेकवून स्क्रीन प्रोजेक्टरकडे धरायची आणि आपण बाजूला सरकायचं, नाहीतर आपलीच सावली मोजली जाते. फोनचं मीटर नेमकं नसतं, पाचात एक इतकी चूक धरून चालावं. पण मला 9000 खरे की खोटे एवढंच बघायचं होतं, त्याला ते पुरेसं होतं.

या मोजणीपुरता मी टेबल ढकलून प्रोजेक्टर 276 वर नेला आणि चित्र बरोबर शंभर इंचांचं केलं. मध्ये भरले 192 लक्स. कडांच्या मध्यावर दीडशे ते एकशेसाठ, चार कोपऱ्यांत एकशेवीसच्या आसपास. सरासरी 145. चित्राचं क्षेत्रफळ 2.76 चौरस मीटर. गुणाकार केला तर 400 ल्यूमेन. मुलीनं कॅल्क्युलेटर हातातून घेऊन पुन्हा करून बघितलं, तेवढेच आले.

मग प्रोजेक्टर बंद करून मी त्याच भिंतीवरचा खोलीचा उजेड मोजला. रात्री छतावरचा दिवा चालू असताना 60 लक्स. दुपारी पडदे ओढलेले असताना 90. पडदे उघडे असताना 300. आमचे पडदे साधे कापडी आहेत, म्हणून ते 90.

हे आकडे एकमेकांशेजारी लिहिले आणि मला सगळा उलगडा झाला. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. काळा म्हणजे तो जिथे उजेड टाकत नाही ती जागा, आणि ती जागा खोलीत भिंत जितकी उजळ दिसते तितकीच उजळ असते. दुपारी पडदे ओढून बघितलं तर चित्रातला सगळ्यात काळा भाग 90 लक्सचा आणि सगळ्यात पांढरा 90 अधिक 145, म्हणजे 235 चा. दोघांत अडीच पटींचा फरक. पडदे उघडे असतील तर 445 आणि 300, म्हणजे दीडपट. दुपारी सामना लावला तेव्हा मैदान फिकट पोपटी, खेळाडू करडे आणि धावफलक वाचायला पुढे जावं लागत होतं, त्याचं कारण हे होतं. प्रोजेक्टर बिघडलेला नव्हता, आणि सेटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून काही होणारही नव्हतं.

टीव्हीचं वेगळं आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेला बहुतेक उजेड परत फेकते, आणि तिचं तेच काम आहे. टीव्हीची काच आणि तिच्यामागचं पॅनल खोलीचा उजेड बराचसा गिळून टाकतं, चार-पाच टक्केच परत येतो. त्यामुळे दुपारीही टीव्हीतला काळा काळाच राहतो. वरून टीव्हीचा पांढरा आमच्या भिंतीवरच्या पांढऱ्याच्या कितीतरी पट प्रखर असतो. आईला हे समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मी काय वेगळं म्हणत होते?"

जास्त ताकदीचा प्रोजेक्टर घेतला तर? हाही हिशेब केला. पडदे ओढलेल्या दुपारी निदान दहापटींचा फरक हवा म्हटलं तर पांढरा 900 लक्स हवा, म्हणजे प्रोजेक्टरचे स्वतःचे 810. त्याला 2.76 नं गुणलं की बावीसशेच्या पुढे खरे ल्यूमेन. असे प्रोजेक्टर असतात, पण ते आकारानं मोठे, त्यांचे पंखे मोठे, आणि आमच्या खोलीत तो पंखा कुणाच्या तरी कानापासून हातभर अंतरावर घोंघावणार. मित्राचा छोटा प्रोजेक्टरही संवाद थांबले की ऐकू यायचा. शिवाय त्याचा स्पीकर त्याच्याच पोटात, त्यामुळे समोरचा माणूस ओठ हलवतो आणि आवाज गुडघ्यापाशी येतो.

भिंतीला जवळजवळ चिकटून ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरही बघितले. त्यांचा थ्रो रेशो पाव असतो, म्हणजे शंभर इंचांसाठी लेन्स भिंतीपासून पंचावन्न सेंटीमीटरवर. डोक्याचा आणि पंख्याचा दोन्ही प्रश्न सुटतात. वरून येणारा उजेड गिळणारे खास पडदे त्यांच्यासाठी मिळतात, त्यांच्यामुळे दुपारही बरीच सुसह्य होते. पण इतक्या तिरप्या कोनातून उजेड येतो की साध्या भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा लांब सावली टाकतो आणि सरळ रेघा नागमोडी दिसतात, म्हणून तो ताठ पडदा लागतोच. आणि ताठ पडदा म्हणजे 221 सेंटीमीटरची एक पाटी भिंतीवर कायमची. मग बेडरूमचं दार उघडायचंच नाही. तिथे तो विषय संपला.

शेवटचा धक्का एका चिठ्ठीनं दिला. त्या आठ दिवसांत आम्ही फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. कुणी काय, किती वेळ आणि कोणत्या उजेडात बघितलं ते लिहायचं. कल्पना बायकोची. बेरीज 21 तास झाली. त्यातले दिवे मालवून, ठरवून बसून बघितलेले तास फक्त 5. बाकीचे 16 म्हणजे आईच्या बातम्या आणि मालिका, मुलीची कार्टून, भाजी निवडताना चालू असलेलं काहीतरी, आणि तो एक फिकट सामना. मी स्वतःला सिनेमा बघणारा समजत होतो. कागदावर मी नऊ वाजता दिवा लावून बातम्या बघणारा निघालो.

टीव्ही घ्यायचा ठरल्यावर किती मोठा, हा प्रश्न आला, आणि इथे मला प्रोजेक्टरचा हट्ट वेगळ्या रूपानं पुढे रेटायचा होता. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून मी दोन चौकोन कापले. 65 इंची म्हणजे 144 सेंटीमीटर बाय 81, आणि 75 इंची म्हणजे 166 बाय 93. घरात सगळे 65 लाच मोठा म्हणत होते. मी म्हणत होतो की 280 सेंटीमीटरवरून 75 इंची टीव्ही डोळ्यापुढे 33 अंशांचा कोन व्यापतो, 65 इंची 29 अंशांचा, आणि घरी सिनेमा बघायला तीस अंश ही बरी सुरुवात मानतात. शंभर इंचांचं चित्र 43 अंश व्यापतं. आकार जितका मोठा तितकं चांगलंच, असंही नसतं. शंभर इंचांवर प्रोजेक्टरचा एक ठिपका 1.15 मिलिमीटरचा होत होता, आणि चांगली नजर तेवढ्या अंतरावरून 0.8 मिलिमीटरपर्यंतचं वेगळं ओळखते. म्हणून तर उपशीर्षकांच्या अक्षरांना पायऱ्या दिसत होत्या. खोक्यावर फोर-के लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ तो फोर-केचा सिग्नल घेतो इतकाच, दाखवतो 1920 बाय 1080 मध्येच. खरेदी करताना नेटिव्ह रेझोल्यूशन हे शब्द शोधायचे, बाकी सगळं सोडून द्यायचं. 65 इंची फोर-के टीव्हीचा ठिपका 0.4 मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, तो सोफ्यावरून दिसणारच नाही.

वाद मिटवला त्या दारानंच. भिंत 260. दाराचे 75 गेले, उरले 185. उजव्या कडेला स्विचबोर्ड, त्याला हात पोचायला 20 सोडले, उरले 165. पंच्याहत्तर इंची टीव्ही 166 चा, वर त्याची चौकट. एखाद-दोन सेंटीमीटरनं हुकला. मी कागद पुन्हा लावून बघितला, तिरका लावून बघितला, दार अर्धवट उघडून बघितलं. दाराची मूठ बरोबर कागदाच्या कडेवर टेकत होती. कागदाच्या जागी पॅनल असतं तर पहिल्याच आठवड्यात काळी फुली उमटली असती. 65 इंची ठरला.

तो कागदाचा चौकोन मी दोन दिवस भिंतीवरच ठेवला, आणि ते बरं झालं. बसवायला आलेला माणूस टीव्ही जितका वर जाईल तितका न्यायला बघत होता, वर छान दिसतो म्हणत. सोफ्यावर बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून 105 सेंटीमीटरवर असतात. कागदाचा मध्य मी 110 वर धरला होता. तो म्हणाला, फार खाली येतोय. मी कागदाकडे बोट दाखवलं. शेवटी कागदाच्या चार कोपऱ्यांवर पेन्सिलीच्या खुणा करून त्यानं भोकं पाडली.

टीव्हीतही खोट निघालीच. बाजूची खिडकी संध्याकाळी काचेत उमटते, आणि अंधाऱ्या प्रसंगात आमच्या खिडकीचे गज गोष्टीत येऊन उभे राहतात. हे दुकानात कळत नाही, तिथे खिडकी नसते आणि टीव्हीवर सतत भडक फुलं आणि पोपट चालू असतात. घरी वर्तमानपत्राऐवजी एखादा चकचकीत काळा प्लॅस्टिकचा तुकडा त्या जागी धरून संध्याकाळी सोफ्यावरून बघितलं असतं तर आधीच कळलं असतं. आता त्या एका खिडकीला जाड पडदा लावला आहे. सोफ्याच्या टोकाला, दाराच्या बाजूला बसणाऱ्याला रंग जरा धुतल्यासारखे दिसतात. आमच्या पॅनलची जात व्हीए आहे, समोरून काळा छान देतं आणि बाजूनं विरतं. आयपीएस घेतलं असतं तर उलट झालं असतं. त्या जागी मी बसतो, त्यामुळे तक्रार कुणी करत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक हालचाल तेलावर घसरल्यासारखी दिसत होती, ती मोशन स्मूदिंग बंद केल्यावर गेली.

मित्राला प्रोजेक्टर परत केला तेव्हा माझी मोजमापं ऐकून तो जरा खट्टू झाला. त्याच्या खोक्यावरचे 9000 मी 400 वर आणले होते. पण त्याच्याकडे एक खोली जवळजवळ बिनखिडकीची आहे, रात्री दहानंतर एकटाच बघतो, पंखा कोपऱ्यात उभा असतो. त्याला ते 400 पुरतात, आणि त्याचं चित्र खरंच देखणं दिसतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही तोच घेतला असता.

गेल्या महिन्यात मुलीच्या मैत्रिणी राहायला आल्या म्हणून तो प्रोजेक्टर एका रात्रीसाठी पुन्हा आणला. टीव्हीवर पांढरी चादर टाकली, तिचे कोपरे टीव्हीच्या वर चिकटपट्टीनं भिंतीला लावले, दिवे घालवले. चादरीला मधे टीव्हीच्या कडेची घडी पडली होती, ती सगळ्या माणसांच्या कमरेतून जात होती. कुणाला पर्वा नव्हती. आई आधीच हॉलमध्ये येऊन बसली होती, आणि तिनं येतानाच बेडरूमचं दार लावून घेतलं होतं.